छत्री, रेनकोट, पॉन्चो: दांडिया बाजार ते मकरपुरा, एका पावसाळ्याच्या नोंदी

१४ जून. काय तपासायचं आणि कसं

बडोद्यातला रोजचाच रस्ता: दांडिया बाजारातून निघून मार्केट, लालबाग, मांजलपूर करत मकरपुरा जीआयडीसी. सुमारे ८ किलोमीटर. कोरड्या दिवशी वीस मिनिटं लागतात, मुसळधार पावसात पस्तीस-चाळीस. वाहनं दोन: एक ११० सीसी स्कूटर आणि एक १२५ सीसी मोटरसायकल. अलकापुरीच्या रेल्वेखालच्या गरनाळ्याकडचा रस्ता मुद्दाम धरलेला नाही. तिथे पाणी भरलं की प्रश्न अंगावर काय घातलंय हा राहत नाही, गाडी नेऊ नये हाच असतो.

सामान असं: साधी लांब दांड्याची छत्री (उघडल्यावर व्यास १ मीटर), दोन भागांचा नायलॉनचा रेनकोट (जॅकेट आणि पँट, आतून पीयूचा म्हणजे पॉलियुरेथेनचा लेप), दोन भागांचाच पीव्हीसीचा जाड रेनकोट, आणि टोपीचा सैल पॉन्चो. पॉन्चो म्हणजे आपल्या गोणपाटाच्या खोळीचा प्लास्टिकचा भाऊबंदच, फक्त डोकं घालायला भोक आहे.

मोजण्यासाठी स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा, टीपकागद, पाण्याने पसरणारं निळं स्केचपेन आणि सेलोटेप. एवढ्यात भागतं.

"अंग भिजलं" एवढं लिहून उपयोग नाही. कुठे भिजलं, आणि ते पाणी बाहेरून आलं की आतला घाम होता, हे वेगळं काढायचं आहे. दुकानात कोट बदलून मागताना भांडण नेमकं यावरच होतं. दुकानदार म्हणतो घाम आहे, गिऱ्हाईक म्हणतं गळतोय. बऱ्याचदा दोघांचंही थोडंथोडं खरं असतं.

१७ जून. पाऊस वरून पडतो हा गैरसमज

पाऊस अजून लागलेला नाही, म्हणून कागदावरचं काम उरकून घेतलं.

मोठा थेंब जमिनीजवळ येईपर्यंत साधारण सेकंदाला ८ मीटर वेगाने पडत असतो, म्हणजे ताशी सुमारे २९ किलोमीटर. गाडी ताशी ४० ने जात असेल तर चालवणाऱ्याच्या दृष्टीने तोच थेंब समोरून ४० ने येतो आणि वरून २९ ने. दोन्ही एकत्र केले की उभ्या रेषेपासून जवळपास ५४ अंशांचा कोन निघतो. वारा नसला तरी पाऊस वरून कमी आणि समोरून जास्त लागतो. ताशी २० वर हाच कोन ३५ अंशांवर येतो.

पुढच्या सगळ्या तपासणीला हा आकडा धरून चालायचं आहे. माणूस उभा राहून कोट घालून बघतो, तेव्हा खांदे आणि डोकं झाकलं की समाधान होतं. गाडीवर मार बसतो तो छातीवरच्या चेनला, गळ्याला, मनगटांना आणि मांडीला.

१९ जून. छत्री: हिशेब केला, रस्त्यावर नेली नाही

स्कूटरवर मागे बसून छत्री धरणारी मंडळी दर पावसाळ्यात दिसतात. ही चाचणी रस्त्यावर करायची नाही असं आधीच ठरलं होतं. हिशेब पुरेसा आहे.

एक मीटर व्यासाच्या छत्रीचं तोंड साधारण ०.७८ चौरस मीटर. ताशी ४० च्या वेगाने जाताना ती वाऱ्याला समोरासमोर झाली, तर तिच्यावर सुमारे ७५ न्यूटन जोर येतो. घरगुती भाषेत साडेसात किलो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे समोरून ताशी २० ची एक झुळूक आली की गाडी आणि वारा मिळून ६० होतात आणि जोर एकदम १७ किलोच्या घरात जातो. तोही अलगद वाढत नाही, हिसका बसावा तसा येतो. छत्रीचं छत मुठीपासून साठेक सेंटिमीटर वर असतं, म्हणून हा सगळा जोर मनगटाला पिळत मागे ओढतो. मागे बसलेला माणूस त्या ओढीबरोबर मागे कलतो, त्याचा दुसरा हात चालवणाऱ्याच्या कोटाला धरलेला असतो, आणि हँडल हलतं ते तिथून. चालवणाऱ्याने स्वतः एका हाताने धरली तर ब्रेकच्या एका लिव्हरवर हातच नसतो.

छत्री वाऱ्याला समोरासमोर न होता पुढे कलती धरली तर जोर कमी होतो, हे खरं आहे. पण ५४ अंशांचा पाऊस अडवायला तिला इतकं पुढे कलवावं लागतं की समोरचा रस्ता दिसत नाही. वर सरळ धरली तर रस्ता दिसतो आणि छातीपासून खाली सगळं भिजतं. मधला मार्ग नाही.

छत्रीचं खरं काम गाडी थांबल्यावर सुरू होतं: पार्किंगपासून गेटपर्यंत, आणि रेनकोटची पँट चढवताना दुसऱ्या कोणी डोक्यावर धरायला. घडीची छत्री स्कूटरच्या डिकीत राहते. छत्रीचा विषय इथे संपला.

२८ जून. पॉन्चो, पहिला चांगला पाऊस

पॉन्चो अंगावर चढायला २० सेकंद लागले, हेल्मेट काढून परत घालण्याचा वेळ धरून ४०. दोन भागांच्या रेनकोटला बूट काढून-घालून चार मिनिटं लागतात. पाऊस अचानक कोसळला की या चार मिनिटांतच माणूस भिजतो. हा पॉन्चोचा सगळ्यात मोठा गुण. दुसरा असा की खालून मोकळा असल्याने आत हवा फिरते. पाठीवरची सॅकही आत मावते.

गर्दीत ताशी २५ पर्यंत तो नीट राहिला. लालबागच्या पुलावर वेग ३५ च्या वर गेला आणि पुढचा घेर फुग्यासारखा वर येऊन हेल्मेटच्या काचेवर आदळायला लागला. बाजूचा वारा लागला की घेर एका बाजूला ओढला जातो आणि मान वळवताना टोपी डोक्याबरोबर वळत नाही. मागचं वाहन बघायला मान वळवली तर डोळ्यासमोर टोपीची कडा येते.

स्कूटरवर आणखी एक गंमत झाली. गुडघ्यांच्या मधोमध पॉन्चोची झोळी होते आणि त्यात पाणी साठत जातं. सिग्नलला पाय खाली टेकवला की ती झोळी कलंडते आणि साठलेलं पाणी थेट बुटात. मार्केटच्या सिग्नलला डाव्या बुटात इतकं पाणी गेलं की पुढे मुक्कामाला पोचून मोजा पिळला तेव्हा अर्धी वाटी निघालं. पॉन्चो कुठेही फाटलेला नाही, गळत नाही. पाणी त्याने आत घेतलं नाही, फक्त साठवून नको तिथे ओतलं.

पुढचा घेर हँडलवर पसरून बसायची अनेकांना सवय असते. त्याने हात आणि मांड्या कोरड्या राहतात, पण हेडलाइट, इंडिकेटर आणि दोन्ही आरसे झाकले जातात. हेडलाइटसाठी पारदर्शक खिडकी असलेले पॉन्चो मिळतात. आपला तसा नाही, म्हणून पुढचा घेर हँडलच्या मागेच ठेवायचा.

मोटरसायकलवर पॉन्चो वापरला नाही. मागचा घेर चाकाच्या आणि चेनच्या फार जवळ येतो. बसल्यावर कडा फूटरेस्टच्या खाली लोंबत असेल तर तो पॉन्चो त्या गाडीसाठी नाही.

३ जुलै. पॉन्चोला नाडी

साधी दुरुस्ती. पॉन्चोच्या आत, पाठीच्या बाजूला कमरेच्या उंचीवर दोन कापडी लूप चिकटवले आणि त्यातून नाडी ओवली. नाडी पोटावर, पण पॉन्चोच्या आतून बांधायची. त्यामुळे फक्त मागची बाजू अंगाला बांधली जाते आणि पुढची मोकळी राहते. मागचा घेर बसताना मांडीखाली घ्यायचा. पुढच्या घेराच्या दोन्ही टोकांना अंगठा जाईल एवढे इलॅस्टिकचे फास लावले. हात हँडलवर असताना घेर अंगठ्यांनी खाली धरून ठेवला जातो. फास सैलच हवेत, हात झटकला की सुटले पाहिजेत. दोरीचे घट्ट फास लावू नयेत. पडताना हात मोकळा होणार नाही.

शिवून लावायचा मोह टाळला. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे गळतीची जागा.

परत त्याच पुलावर बघितलं. ताशी ४० पर्यंत घेर तोंडावर आला नाही. झोळी मात्र तशीच होते. थांबण्याआधी गुडघे एकदा आवळून पाणी पुढे सांडून द्यायचं, एवढाच उपाय.

६ जुलै. टीपकागद

आता दोन भागांचा नायलॉनचा रेनकोट. नवा नाही, मागच्या वर्षीचा आहे, आणि तेच बरं. नवा कोट पहिल्या महिन्यात कोणाचाच गळत नाही.

टीपकागदाचे ५ सेंटिमीटरचे चौकोन कापले आणि प्रत्येकावर स्केचपेनने नऊ ठिपके काढले. पाणी लागलं की ठिपका पसरतो. घामानेही पसरेल, म्हणून प्रत्येक चौकोनाच्या अंगाकडच्या बाजूला प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा लावला आणि कडा सेलोटेपने कोटाच्या आत चिकटवल्या. म्हणजे कागदाला पाणी मिळालं तर ते कोटातूनच आलेलं असणार. टाचणी कुठेही वापरली नाही, कारण वर लिहिलंय तेच.

जागा आठ: मानेमागे, गळ्याखाली, चेनच्या मध्यावर आत, दोन्ही मनगटं, मांडीवर जॅकेट संपतं तिथे, पँटच्या बैठकीत जिथे चार शिवणी एकत्र येतात तिथे, आणि डाव्या गुडघ्यावर.

स्कूटरवर ३५ मिनिटं, पाऊस जोरात. घरी आल्यावर कागद काढले.

गुडघ्यावरचे नऊच्या नऊ ठिपके कोरडे. चेनमागचेही कोरडे. चेनवर दोन पट्ट्या आहेत आणि वेल्क्रो नीट लागलेला होता, हे त्याचं कारण. साधी चेन स्वतः पाणी अडवत नाही, तिच्यावरची पट्टी अडवते. गळ्याखाली दोन ठिपके पसरलेले. डाव्या मनगटाचे चार. मानेमागचे सहा. बैठकीतला कागद लगदा होऊन सेलोटेपला चिकटून आला, ठिपके मोजायचा प्रश्नच नव्हता.

मानेमागचं कारण लगेच सापडलं. आतल्या टी-शर्टची कॉलर कोटाच्या कॉलरच्या वर दोन बोटं डोकावत होती. हेल्मेटच्या मागच्या कडेवरून ओघळणारं पाणी तिच्यावर पडलं आणि तिने ते समईच्या वातीने तेल ओढावं तसं आत ओढलं. हाच प्रकार मनगटाला: शर्टाची बाही कोटाच्या बाहीबाहेर आलेली. दोन्हींवर उपाय फुकटचा आहे. सुती कापड कुठेही कोटाच्या बाहेर दिसता कामा नये.

टोपी हेल्मेटच्या खाली घालून बघितली आणि सोडून दिली. हेल्मेट सैल बसतं. हेल्मेटच्या वरून घातली तर हवा भरून मागे ओढते. टोपी गुंडाळून कॉलरमध्ये बंद केली, कॉलरचा वेल्क्रो घट्ट लावला, इतकं पुरतं.

९ जुलै. घाम किती, गळती किती

आत घातलेला शर्ट आणि पँट निघण्याआधी आणि पोचल्यावर वजन करायची. वजनात पडलेली भर म्हणजे पाणी. पण त्यातला घाम वजा करायला तोच कोट कोरड्या दिवशी, तितकाच वेळ, त्याच रस्त्यावर घालून जायला हवं. ८ तारखेला उघडीप होती, तेव्हा ते करून घेतलं. रेनकोट घालून कोरड्या रस्त्यावरून जाताना सिग्नलवर लोक बघतात, पण इलाज नाही.

कोरड्या दिवशी शर्ट ३८ ग्रॅमने वाढला, पँट १४ ने. हा घाम. आज पावसात तेवढ्याच वेळात शर्ट ५१ ग्रॅम, पँट १२९ ग्रॅम.

शर्टातला फरक १३ ग्रॅम. हा सोडून द्यायचा. पावसात कोटाचं कापड बाहेरून गार पडतं, त्यामुळे आतली वाफ त्याला लागून पाणी होते आणि शर्टावर येते. दोन दिवसांचा घामही सारखा नसतो. पंधराएक ग्रॅमपर्यंतच्या फरकाला गळती म्हणू नये. पँटमधला ११५ ग्रॅमचा फरक मात्र कुठल्याच घामाने होत नाही. तेवढं पाणी म्हणजे साधारण अर्धा कप, आणि ते सगळं एकाच जागी.

पीव्हीसीच्या कोटाचंही हेच मोजलं, थोडक्यात: गळती जवळपास नाही, पण कोरड्या दिवशीचा घामच शर्टात ६० ग्रॅमच्या वर. पीव्हीसीतून वाफ अजिबात जात नाही. अर्ध्या तासाच्या रस्त्याला तो उकडून काढतो, आणि ऑफिसला पोचून शर्ट ओला तो ओलाच.

१० जुलै. बैठक का गळते

वर्षभरातल्या एका रेनकोटावरून सगळ्यांबद्दल बोलू नये, पण हे कारण कोणत्याही कोटाला लागू होतं, म्हणून सविस्तर.

कापडाची पाणी अडवायची ताकद पाण्याच्या उंचीत सांगतात. २००० मिलिमीटर लिहिलेलं असेल तर कापडावर दोन मीटर उंच पाणी उभं केलं तरी ते आत येत नाही, असा अर्थ. नुसता पाऊस कापडावर फार दाब देत नाही, त्यामुळे छातीला आणि पाठीला स्वस्त कापडही चालून जातं. बसलेला माणूस मात्र दाब देतो. सीटवर साधारण ५० किलो वजन पडत असेल आणि ते एक दशांश चौरस मीटरवर पसरलं असेल, तर सरासरी दाब अर्धा मीटर पाण्याइतका होतो. बसण्याच्या दोन हाडांखाली तो सरासरीच्या दोन-तीन पट असतो, म्हणजे दीड मीटरपर्यंत. नव्या कापडाने तो सहन होतो. लेप झिजल्यावर कठीण जातं. आणि शिवणीतली भोकं बुजवणारी आतली टेप सुटली असेल तर अजिबात नाही.

त्यातच पाणीही तिथेच येतं. जॅकेटच्या पुढच्या भागावरचं सगळं पाणी ओघळून मांडीत जमतं, आणि स्कूटरची सीट पुढे उतरती असल्याने तिथेच थांबतं. जॅकेट आखूड असेल तर त्याची खालची कडा पन्हाळीसारखं पाणी नेमकं बैठकीत सोडते. उभं असताना कमरेखाली निदान २० सेंटिमीटर उतरणारं जॅकेट हवं, बसल्यावर त्यातलं निम्मं वर सरकतं.

पन्हाळ, डबकं, दाब आणि सुईची भोकं, हे सगळं एका तळहाताएवढ्या जागेत. चार शिवणी एकत्र येतात तिथे कापडाचे थर एकमेकांवर चढतात, त्यामुळे टेप सपाट बसत नाही आणि पायरीच्या कडेला बारीक नळी उरते. पँट उलटी करून बघितली तेव्हा आपल्या टेपची कडा नेमकी तिथेच नखाने उचलता येत होती.

खरेदीच्या आधी किंवा पावसाळ्याच्या तोंडावर करायची चाचणी अशी. बादलीवर पँट उलटी धरून बैठकीत पाणी ओतून बघतात, ती पुरेशी नाही. दहा-पंधरा सेंटिमीटर पाण्याचा दाब माणूस बसल्याच्या दाबापुढे काहीच नाही. त्यात गळली तर कोट गेलाच समजा, पण न गळणं म्हणजे पास नव्हे. त्याऐवजी लाकडी पाटावर भांडी घासायचा मोठा स्पंज पूर्ण भिजवून ठेवायचा. रेनकोटची पँट घालायची, तिच्या आत बैठकीत वर्तमानपत्राची चौघडी सरकवायची, आणि त्या स्पंजवर दहा मिनिटं बसायचं. कागदावर डाग कुठे उमटला ते पेनाने गोल करून पँट उलटी करून जुळवायचं.

आपल्या पँटचा डाग तीन मिनिटांत आला.

११ जुलै. आणि सीट

मोटरसायकलवर मात्र वेगळंच निघालं. पीव्हीसीची पँट स्पंजवर पूर्ण पास झाली, आणि पाऊस थांबून दोन तास झाल्यावर रेनकोट न घालता नुसतं घरी यायला निघालं तर बैठक ओली. सीटच्या कव्हरच्या शिवणीला बोटभर चीर होती. आतला फोम दिवसभर पाणी पितो आणि कोणी बसलं की ते वर सोडतो. कव्हर वरून पुसून कोरडं दिसतं. सीटवर वर्तमानपत्र ठेवून दोन्ही तळहातांनी जोर देऊन दाबलं की कळतं. नवं कव्हर बसवायच्या आधी फोम बाहेर काढून उन्हात दोन दिवस सुकवायचा, नाहीतर ओल आतच राहते आणि वास सुटतो. कोटाला शिव्या घालण्याआधी सीट बघावी.

१३ जुलै. शिवण बुजवणं

हे फक्त पीयूच्या लेपाच्या नायलॉनसाठी. पीव्हीसीला इस्त्री लावायची नाही, वितळते. त्याच कारणाने कोणत्याही रेनकोटची पँट मोटरसायकलच्या तापलेल्या सायलेन्सरला लागू द्यायची नाही. उजव्या पोटरीवर विस्तवाने चाटल्यासारखं भोक पडलेले कोट दरवर्षी दिसतात.

पँट उलटी केली. सुटलेली जुनी टेप बैठकीच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटिमीटर ओढून काढली. जी घट्ट होती तिला हात लावला नाही. जुन्या डिंकाचा चिकट थर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसला. जास्त घासलं तर लेपच निघतो, म्हणून दोनच हात. मग तीन तास पंख्याखाली. ओलसर कापडावर टेप धरत नाही.

नवी टेप २० मिलिमीटर रुंद, इस्त्रीने चिकटणारी. डिंकाची मॅट बाजू कापडाकडे, शिवण टेपच्या बरोबर मधोमध. वर सुती रुमाल, इस्त्री सिल्कवर, एका जागी ८ ते १० सेकंद दाबून धरायची, सरकवायची नाही. उचलल्याबरोबर गार पाण्याने भरलेला स्टीलचा पेला त्यावर टेकवून दाबायचा, डिंक लगेच आवळतो. टेपच्या कडेला चकाकणारी बारीक रेघ दिसली तर डिंक कापडात गेला. रेघ नाही आणि कडा पांढुरकी दिसते तर उष्णता कमी पडली, परत एकदा. कापड चुरमडायला लागलं तर जास्त झाली.

पहिल्या प्रयत्नात चार शिवणींच्या चौकात टेपवर टेप चढवली आणि तिथे परत पायरी झाली. स्पंजवर सहा मिनिटांनी डाग. मग त्याच टेपमधून जुळवून नव्हे, वेगळ्या रुंद तुकड्यातून ५ सेंटिमीटर व्यासाचा गोल कापला आणि चौकावर बसवला. मधला फुगवटा पेल्याच्या कडेने शिवणीच्या दोन्ही अंगांना दाबून घेतला. गोलच कापायचा, चौकोनाचे कोपरे पहिल्या धुण्यात सुटतात.

रात्रभर ठेवून सकाळी स्पंज. दहा मिनिटं, कागद कोरडा. वीस मिनिटं बसून बघितलं, तरी कोरडा.

२१ जुलै. दुरुस्तीनंतर रस्त्यावर

पाऊस ६ तारखेइतकाच, वेळ ३८ मिनिटं. पँट १९ ग्रॅमने वाढली, म्हणजे घामाच्या १४ ला धरूनच. बैठकीतल्या टीपकागदाचे नऊही ठिपके शाबूत. मनगटाचा एक ठिपका पसरला: हातमोज्याची कड बाहीच्या वर राहिली होती. हँडलवर हात मनगटाकडे उतरता असतो, त्यामुळे बाही हातमोज्याच्या वरून हवी. पँटचं तसंच, बुटाच्या बाहेरून.

२ ऑगस्ट. डिकीत काय

स्कूटरच्या डिकीत आता नायलॉनचा कोट, पॉन्चो आणि घडीची छत्री तिन्ही आहेत, आणि हेल्मेट मावत नाही. तेव्हा निवड करावी लागली. आभाळ भरलेलं असेल तर कोट घरूनच अंगावर चढवून निघायचं आणि डिकीत फक्त छत्री. उघडीप असेल तर पॉन्चो आणि छत्री डिकीत: वाटेत सर आली तर दांडिया बाजार ते मांजलपूर गर्दीतल्या वेगाला पॉन्चो पुरतो. संध्याकाळी परतताना पाऊस मुसळधार असेल आणि कोट घरी राहिला असेल तर पॉन्चो घालून वेग ३० च्या आत.

मागे माणूस बसणार असेल तर त्याने पॉन्चो घालू नये. मागचा घेर टेललाइटवर येतो. अंधारात, पावसात, मागच्या ट्रकला तेवढीच खूण असते.

१७ ऑगस्ट. वाळवणं

ओला कोट घडी घालून डिकीत राहिला की इंजिनाची ऊब आणि ओल मिळून पीयूचा लेप चिकट होतो आणि पुढे पापुद्रे सुटतात. तसा झालेला कोट टेपने वाचत नाही, कारण टेप धरायला लेपच उरत नाही. ऑफिसात पोचल्यावर हँगरवर, आतली बाजू बाहेर, सावलीत. उन्हात नको. घरी आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने चिखल धुवायचा, कपड्यांच्या साबणाची पावडर नको.

३१ ऑगस्ट

बैठकीतला गोल तुकडा तपासला. एका जागी तीन मिलिमीटर कडा सुटली आहे, डाव्या मांडीच्या बाजूला, जिथे स्कूटरवर चढताना कापड ताणलं जातं. स्पंजवर पंधरा मिनिटांपर्यंत कोरडा, त्यानंतर मोहरीएवढा डाग. परत इस्त्री मारून बसवली. पुढच्या वेळी गोल तुकडा कापताना तो त्या बाजूला एक सेंटिमीटर जास्त ठेवायचा.